साडी बदलून आली, आता पुढे काय?

‘परतावा हा ऑनलाइन धंद्याचाच भाग आहे. शंभरात एखादी साडी बुडणारच, ती किमतीत धरायची आणि पुढे जायचं.’ हा सल्ला देणारे बहुधा स्वतः लाखांनी पार्सलं पाठवणाऱ्यांकडे नोकरीला असतात. त्यांच्यापुरता तो खराही आहे. पण येवल्याहून हातमागाची पैठणी आणून घरून विकणाऱ्या बाईंना तो लागू पडतो का, हे हिशेब मांडूनच पाहू.

साडी विकली ९,००० रुपयांना. विणकराला ७,५०० गेले, कुरिअरला २००, पॅकिंग आणि पेमेंटच्या शुल्काला ३००. उरले १,०००. महिन्याला अशा वीस साड्या गेल्या तर २०,००० सुटतात. त्यातल्या एकीच्या खोक्यात तशाच रंगाची यंत्रमागाची नकली साडी परत आली आणि पैसे परत करावे लागले, तर साडीचे ७,५००, आधीचे ५०० आणि परतीच्या कुरिअरचे २०० असे ८,२०० गेले. उरलेल्या एकोणीस साड्यांचे १९,००० धरले तरी हातात १०,८०० राहतात. महिन्याची कमाई जवळजवळ निम्मी. शंभरात एक हे प्रमाण कागदावर दर साडीला ऐंशी-नव्वद रुपये दिसतं खरं, पण लहान विक्रेत्याच्या वाट्याला ते सरासरीने येत नाही, एकदम येतं. शिवाय हे प्रमाण पावसासारखं आभाळातून ठरत नाही. जिथे साडी न पाहता पैसे परत मिळतात, त्या दुकानाचा पत्ता लबाडांना लवकर कळतो. तेव्हा किंमत वाढवणं म्हणजे प्रामाणिक गिऱ्हाइकाकडून चोरीची वर्गणी गोळा करणं.

मग दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, ‘पाटीच लावा. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ दादर-गिरगावच्या दुकानांत अशा पाट्या वर्षानुवर्षं झळकल्या म्हणून त्या कायदेशीर ठरत नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा बनावट असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मात्र ‘घरी उजेडात रंग आवडला नाही’ म्हणून परत घेण्याची सक्ती कायदा करत नाही. ती सवलत विक्रेता किंवा बाजारपेठ आपणहून देते, आणि स्वतः दिलेल्या सवलतीला अटी घालायचा हक्क देणाऱ्याला असतो. सगळी तटबंदी याच फटीत उभारायची आहे.

आता तिसरं मत, जे आज सर्वांत लोकप्रिय आहे: ‘परत आलेलं पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, काम झालं.’ हे अर्धंच खरं. त्या व्हिडिओवरून परत काय आलं ते कळतं, तुम्ही काय पाठवलं होतं ते कळत नाही. गिऱ्हाईक शांतपणे म्हणेल, ‘मला हीच साडी मिळाली होती, म्हणून तर परत केली.’ त्यावर व्हिडिओकडे उत्तर नाही. वादाचा मुद्दा पाठवलेला नग आणि आलेला नग एकच आहे का, हा आहे. म्हणून नगाची ओळख पाठवण्याआधी पक्की करावी लागते.

अनेकांना वाटतं, सिल्क मार्कचं लेबल ही ओळख आहे. त्यावर क्रमांक असतो, तो जरूर टिपावा. पण लेबल कापडाचा भाग नव्हे. अस्सल साडीवरून काढून नकलीला अडकवलं की क्रमांक जुळतो आणि साडी मात्र गेलेली असते. हातमागाच्या पैठणीने आपली ओळख स्वतःच आणलेली असते. पदरावरचे दोन मोर कधी तंतोतंत सारखे नसतात. एकाच्या मानेत एखादा धागा जास्त, दुसऱ्याची चोच किंचित बोथट. पदराच्या एका ठरलेल्या कोपऱ्यातल्या नक्षीचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, उलट-सुलट दोन्ही बाजूंनी जवळून फोटो घ्यावा. मग त्याच साडीची घडी, वजनकाट्यावरचं वजन, खोक्यात जाणं आणि पत्त्याचं लेबल चिकटणं हे सगळं न थांबवता एका चित्रीकरणात यावं. परत आल्यावर तोच कोपरा, त्याच अंतरावरून. यंत्रमागाच्या साड्यांना मात्र हा उपाय चालत नाही, कारण त्या एकमेकींसारख्याच असतात. तिथे ब्लाउजपीसच्या टोकाला क्रमांकाची कापडी पट्टी शिवून ओळख द्यावी लागते.

नक्कल ओळखणं त्या मानाने सोपं. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात. शंका राहिलीच तर कडेचा एक धागा जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

बदललेल्या साडीपेक्षा नेसून परत केलेली साडी जास्त डोकेदुखीची, कारण ती तुमचीच असते. लग्नाचा हंगाम संपला की अशा साड्या परतू लागतात. खांद्यावर जिथे पिन लागते तिथली बारीक भोकं, खालच्या काठाला फॉल लावून उसवल्याची टाक्यांची रांग, निऱ्यांच्या मोडी, अत्तराचा वास या खुणा कापड लपवत नाही. पण त्या दिसतात तोवर साडी नवी म्हणून विकण्यालायक राहिलेली नसते. म्हणून अडथळा नेसण्याआधीच हवा. पदराच्या दर्शनी भागात, दोन टाक्यांनी पक्की केलेली ठळक पट्टी लावावी, जी ठेवून समारंभात मिरवता येणार नाही. ‘नापसंतीमुळे परत करायची असल्यास ही पट्टी जागेवर हवी’ असं तिच्यावर आणि विक्रीच्या अटींत, दोन्हीकडे लिहावं. पट्टी निघाली म्हणून सदोष साडी नाकारता येणार नाही, हे लक्षात ठेवूनच.

एवढं सांगून विक्रेत्यांच्या गटातल्या एका लाडक्या समजुतीचंही खंडन केलं पाहिजे. चुकीचा माल परत आला की गिऱ्हाईक चोर, असं सरसकट धरलं जातं. परतीचा माल उचलणारा मुलगा दिवसभर कित्येक घरांतून पिशव्या गोळा करतो. एकाचं लेबल दुसऱ्याच्या पिशवीवर चिकटायला वेळ लागत नाही. ओळखायची एक खूण आहे. पैठणीऐवजी कुणाचा कुर्ता किंवा लहान मुलाचे बूट निघाले, तर बहुधा पिशव्यांची अदलाबदल झाली आहे आणि तगादा कुरिअरकडे लावायचा. त्याच रंगाची, तशाच काठाची स्वस्त साडी नीट घडी घालून आली, तर तो योगायोग नव्हे. आणि कधी कधी आपणच चुकीची साडी भरलेली असते. पाठवतानाचं चित्रीकरण आधी स्वतः पाहावं, मगच आरोप करावा.

बाजारपेठेमार्फत विक्री असेल तर दाव्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून परतीची पार्सलं रविवारसाठी साठवून ठेवू नयेत. पिशवी फाटलेली किंवा पुन्हा चिकटवलेली दिसली तर पोचपावतीचा ओटीपी देण्याआधी फोटो काढून तशी नोंद करायला लावावी. स्वतःच्या फोनवरून विक्री असेल तर बाजू भक्कम असते, कारण पैसे तुमच्याच हातात असतात. ‘साडी पोचल्यावर तपासून पैसे परत’ हे विक्रीआधी लिहून कळवलेलं असावं. हे न कळवता नंतर अडवणूक केली, तर चुकीची बाजू आपली होते.

ग्राहक आयोगात आपणही जाऊ, असं काहींना वाटतं. तो दरवाजा ग्राहकासाठी आहे, गिऱ्हाइकाविरुद्ध विक्रेत्याला तिथे उभं राहता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलिसांत करता येते. तिथेही पहिला प्रश्न हाच असेल की पाठवलेली साडी ही नव्हती कशावरून, आणि त्या कोपऱ्याचा पाठवण्याआधीचा फोटो नसेल तर पुढचा प्रश्न विचारला जाणार नाही.