फोटो ओळखणे वेगळे, फोटोचा माग काढणे वेगळे

कात्रज चौकातून कोंढव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत गोदाम शोधणारे एक व्यापारी कुटुंब डोळ्यांपुढे आणा. घर कात्रजला, किराणा मालाची पेढी मार्केट यार्डात. दिवाळीपूर्वी माल ठेवण्यास जागा हवी आहे. एका मध्यस्थाने व्हॉट्सअॅपवर गोदामाचा फोटो पाठविला आहे: तीन हजार चौरस फूट, उंच छत, गुळगुळीत फरशी, निळे-नारिंगी लोखंडी रॅक, भाडे बाजारापेक्षा थोडे कमी. ‘आणखी दोन गिऱ्हाइके आहेत, आज सायंकाळपर्यंत 51,000 रुपये टोकन पाठवा,’ असा निरोपही सोबत आहे.

घरातील थोरले सावध आहेत. फोटो खरा आहे का, याची खात्री करून घे, असे ते मुलाला सांगतात. मुलगा फोटो एका चॅटबॉटला देतो आणि विचारतो, ‘हा फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे का?’ काही क्षणांत सुबक उत्तर येते: हे आधुनिक गोदाम आहे, प्रकाशयोजना चांगली आहे, फोटो मूळ असून अन्यत्र आढळला नाही. ‘पप्पा, तपासलं. दुसरीकडे कुठेच नाही,’ असे मुलगा सांगतो. टोकन पाठविण्याची तयारी सुरू होते.

या ठिकाणी थांबून एकच प्रश्न विचारावयास हवा. तपासले ते नेमके कोणी, आणि कशाशी ताडून?

बँकेच्या रोखपालाचे उदाहरण घेऊ. तीस वर्षे नोटा मोजलेला रोखपाल पाचशेची नोट हातात घेताच कागदाचा पोत, सुरक्षा धागा आणि छपाई पाहून ती खरी वाटते की नाही हे सांगेल. ती जुनी आहे, दमट जागी ठेवलेली होती, असेही सांगेल. परंतु ‘चोरीस गेलेल्या नोटांच्या यादीत हिचा क्रमांक आहे का?’ असे विचारल्यास त्याचा अनुभव निरुपयोगी ठरतो. त्यासाठी यादी उघडून क्रमांक शोधावा लागतो. यादी नसताना तो ‘नाही’ म्हणाला, तर ते उत्तर अनुभवी माणसाचे असले तरी तपासणीचे नव्हे.

चॅटबॉटची अवस्था यादी नसलेल्या रोखपालासारखी आहे. त्याला फोटो मिळाला की त्याचे लहान लहान चौकोन पाडले जातात. एका रूढ पद्धतीत 224 बाय 224 बिंदूंच्या चित्राचे 16 बाय 16 बिंदूंचे 196 चौकोन होतात. प्रत्येक चौकोनाचे रूपांतर आकड्यांच्या ओळीत होते, आणि त्या आकड्यांवरून व आपल्या प्रश्नावरून पुढचा एकेक शब्द जुळविला जातो. या संपूर्ण प्रवासात फोटोची दुसऱ्या कोणत्याही फोटोशी तुलना होत नाही, कारण तुलना करण्यासाठी तेथे फोटोंचा साठाच नसतो. प्रशिक्षणाच्या वेळी त्या यंत्रणेला अगणित चित्रे दाखविलेली असतात, हे खरे. परंतु प्रशिक्षण संपल्यावर तिच्यापाशी उरतात ती केवळ प्रचंड संख्येने आकडेमोडीची वजने. कोणते चित्र कोणत्या पानावर होते याची नोंद त्यात नसते. वर्षानुवर्षे नोटा हाताळल्याने रोखपालाच्या बोटांना सवय लागते; हाताळलेल्या नोटांचे क्रमांक त्याच्या लक्षात राहत नाहीत.

शनिवारवाड्याचा फोटो दिल्यास तो शनिवारवाडा आहे हे चॅटबॉट बहुधा ओळखेल. त्यामुळेच घोटाळा वाढतो. शनिवारवाडा ओळखणे म्हणजे फोटोतील वस्तू ओळखणे होय. नेमका हाच फोटो, याच क्षणी टिपलेला, कोणकोणत्या पानांवर आहे, हा प्रश्न तेथे सुटलेलाच नसतो. मग ‘आढळला नाही’ हे वाक्य कोठून येते? अशा प्रश्नानंतर अशा प्रकारचे उत्तर शोभते, म्हणून ते जुळविले जाते. सावधपणे घडविलेली साधने ‘मला हे पाहता येत नाही’ असे सरळ सांगतात. काही मात्र वाक्य पुरे करतात, आणि क्वचित अस्तित्वात नसलेल्या पानांचे पत्तेही देतात. अज्ञानाची कबुली देणारे यंत्र त्यातल्या त्यात बरे म्हणावे.

रिव्हर्स इमेज सर्च म्हणजे उलटा चित्रशोध. त्याची घडण पूर्णपणे वेगळी आहे. त्याच्यापाशी यादी असते. टोरंटो येथील कंपनीची टिनआय ही सेवा 2008 मध्ये सुरू झाली, तर गुगलने चित्रावरून शोधण्याची सोय 2011 मध्ये दिली. अशा सेवा आपण विचारण्यापूर्वीच इंटरनेटवरील उघडी पाने फिरून अब्जावधी चित्रे पाहून ठेवतात. प्रत्येक चित्राचा एक छोटा ठसा काढून त्यापुढे पानाचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. आपण फोटो दिला की त्याचाही ठसा काढला जातो आणि खतावणीत नाव शोधावे तसा तो त्या नोंदीत शोधला जातो.

ठसा म्हणजे काय, हे एका साध्या पद्धतीवरून कळेल. मोठ्या सेवांच्या पद्धती याहून गुंतागुंतीच्या असतात, पण तत्त्व हेच. फोटो आकसून केवळ नऊ घरे रुंद व आठ घरे उंच असा करड्या रंगाचा करावयाचा. मग प्रत्येक घर आपल्या उजवीकडील घरापेक्षा उजळ आहे की नाही, एवढेच नोंदवायचे. एका ओळीत आठ उत्तरे, आठ ओळींत 64 उत्तरे. हा झाला ठसा. व्हॉट्सअॅपने फोटो दाबून लहान केला, रंग जरा फिके झाले, तरी उजळ-अंधाराचा हा क्रम फारसा बदलत नाही. 64 पैकी दोन-चार उत्तरेच फिरतात. संबंध नसलेल्या दोन फोटोंत मात्र साधारण निम्मी, म्हणजे तीसेक उत्तरे निराळी निघतात. म्हणूनच आकार बदललेली नक्कल पकडली जाते. फोटो आरशातल्यासारखा उलटा केला, तर ही साधी पद्धत फसते, कारण डावे-उजवेच पालटते. फसविणारे हे जाणतात. संशय असल्यास फोनवर फोटो आडवा उलटवून पुन्हा शोधणे शहाणपणाचे ठरते.

आता कात्रजच्या घराकडे परत येऊ. टोकनची रक्कम भरण्यापूर्वी धाकटी सून तोच फोटो फोनवरील गुगल लेन्समध्ये देते. पहिल्या पानावर शेकडो गोदामे दिसतात. मुलगा म्हणतो, ‘बघ, सारखीच आहेत सगळी.’ पण ती नुसती दिसायला सारखी चित्रे आहेत. सून `Exact matches` या विभागात जाते. तेथे हुबेहूब तेच निळे-नारिंगी रॅक, फरशीवरचे तेच ओरखडे; आणि पान आहे परदेशातील रॅक बनविणाऱ्या एका कारखान्याचे. मग ती tineye.com येथे फोटो देऊन निकाल `Oldest` या क्रमाने लावते. सर्वांत जुनी नोंद सहा वर्षांपूर्वीची निघते. ही तारीख फोटो काढल्याची नव्हे. त्या सेवेने तो प्रथम पाहिल्याची आहे. तरीही ‘मालकाने गेल्याच आठवड्यात काढलेला फोटो’ हे मध्यस्थाचे म्हणणे खोटे ठरविण्यास ती पुरेशी आहे.

चॅटबॉटला दोष देताना एक गोष्ट विसरू नये. त्याला योग्य प्रश्न विचारला असता, तर तोही उपयोगी पडला असता. ‘भिंतीवरील प्लगची खाच कोणत्या देशातील वाटते? फलकावरील अक्षरे कोणत्या भाषेतील आहेत?’ असे विचारल्यास फोटोच्या आतील खुणा त्याला पुष्कळदा दिसतात. त्या गोदामाच्या भिंतीवर दोन गोल छिद्रांची युरोपीय धाटणीची खाच होती, आणि उघड्या दारातून कात्रजच्या डोंगराऐवजी सपाट माळ दिसत होता. फोटोच्या चौकटीच्या आत काय आहे एवढेच तो पाहू शकतो.

चौकटीच्या आतले वर्णन अचूक असूनही फोटोचे मूळ साफ चुकू शकते, याचे नामांकित उदाहरण 2017 चे आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 2016-17 च्या वार्षिक अहवालात भारताच्या सीमेवरील प्रकाशझोतांची माहिती देताना रात्री उजळलेल्या सीमेचा एक फोटो छापला गेला. तो फोटो होता स्पेन व मोरोक्को यांच्यामधील सीमेचा, 2006 मध्ये टिपलेला. ऑल्ट न्यूज या तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थेने ही चूक उघड केली. त्या फोटोचे कोणीही ‘रात्र, कुंपण, दिव्यांची रांग’ असे वर्णन केले असते आणि त्यातील एकही शब्द चुकला नसता. तो आधी कुठे प्रसिद्ध झाला, एवढेच पाहावयाचे राहिले होते.

हल्ली काही चॅटबॉटना इंटरनेटवर शोधण्याची सोय जोडलेली असते. तेथेही बारकाईने पाहावे लागते. पुष्कळदा ते फोटोचे शब्दांत वर्णन करतात आणि ते शब्द शोधतात. ‘निळे-नारिंगी रॅक असलेले गोदाम’ असा शोध घेतल्यास हजारो गोदामे सापडतील, हवा तो फोटो सापडेलच असे नाही. काहींना खरा चित्रशोधही जोडलेला असू शकतो. फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे: उत्तरात पानाचा पत्ता आहे का, तो उघडतो का, आणि उघडल्यावर हुबेहूब तोच फोटो डोळ्यांना दिसतो का. यांपैकी एकही गोष्ट कमी असेल, तर तपासणी झालेली नाही असेच धरावे.

उलट्या चित्रशोधाच्याही मर्यादा आहेत. ज्या पानांपर्यंत ती सेवा पोहोचली, तेवढीच तिच्या वहीत असतात. व्हॉट्सअॅपचे गट, खासगी खाती, संकेतशब्दाआडची पाने तिच्या वहीत नसतात. कालच टाकलेला फोटोही नसू शकतो. कृत्रिमरीत्या नव्यानेच बनविलेल्या चित्राला तर आधीची नक्कलच नसते. म्हणून जुळणी सापडली तर तो ठोस पुरावा. न सापडल्यास ‘या वहीत नोंद नाही’ एवढाच त्याचा अर्थ. जुळणी सापडली म्हणून लगेच लबाडी असेही नव्हे. खरा मालक आपल्या गाळ्याचा एकच फोटो जागाविक्रीच्या तीन संकेतस्थळांवर टाकतो. पान कोणाचे, गाव कोणते, तारीख कोणती, हे वाचावेच लागते.

त्या सायंकाळी थोरल्यांनी मध्यस्थाला स्वतः फोन लावला. ‘टोकन तयार आहे. फक्त गोदामाच्या दारात उभे राहून व्हिडिओ कॉल करा आणि शटर वर घेऊन दाखवा.’ मालक परगावी आहे, किल्ली त्याच्याकडे आहे, असे उत्तर आले. ‘मग तो आल्यावर आम्हीच येऊन पाहतो. कात्रजहून किती लांब आहे!’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मध्यस्थाचा फोन आला नाही.