घरची दुरुस्ती : दाराचे गोल लॅच बसवताना



मागच्या वेळी आपण ढिल्या बिजागऱ्यांचे पाहिले. या वेळी दाराच्या लॅचचा विषय घेतो आहे, कारण तो एका घरातल्या अडचणीतून समोर आला.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब चाळ सोडून पुनर्वसनाच्या इमारतीत राहायला गेले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतली खोली आजींची आणि बारावीत शिकणाऱ्या नातीची. दाराला आतून लोखंडी कडी. एके दुपारी आजी कडी लावून आत कपडे बदलत होत्या, तेवढ्यात चक्कर येऊन पडल्या. घरात सूनबाई एकट्या. बाहेरून कडी उघडायची सोयच नव्हती. शेजाऱ्यांनी खांदे लावून दार ढकलले, तेव्हा कडी स्क्रूसकट उखडून निघाली. आजींना फारसे लागले नव्हते हे नशीब. पण त्यानंतर घरात वाद सुरू झाला. मुलगा म्हणे, आता दाराला आतून काहीच नको. आजी म्हणाल्या, "अरे, म्हातारीला काय आडोसा नको? आणि पोरगी मोठी झाली, तिला नको?"

दोघांचेही बरोबर होते. यावर उपाय म्हणजे दांड्याच्या मुठीचे गोल लॅच. यात आतल्या मुठीला एक बटण असते, ते दाबले की दार बंद. बाहेरच्या मुठीला बारीक छिद्र असते. त्यात पिन घालून दाबली की दार बाहेरून उघडते. चेंडूसारखी मूठही मिळते, पण आजींच्या बोटांना संधिवात आहे. गोल मूठ पकडून फिरवणे त्यांना जमत नाही, दांडा मनगटाने खाली दाबता येतो. म्हणून दांडाच घेतला.

लॅच आणले, ड्रिल मशीन शेजाऱ्याचे मिळाले, आणि सूनबाईंनी मला बोलावले. मी म्हटले, "मी जवळ उभा राहतो, काम तुम्ही दोघी करा." तसेच झाले. ते कसे झाले ते क्रमाने सांगतो.

या लॅचला दोन भोके लागतात. एक मोठे, पल्ल्याच्या आरपार, 54 मि.मी. व्यासाचे, त्यात मुठीचे यंत्र बसते. दुसरे लहान, पल्ल्याच्या काठातून आत जाणारे, 25 मि.मी.चे, त्यात लॅचची जीभ बसते. ही दोन भोके पल्ल्याच्या पोटात एकमेकांना काटकोनात भेटली पाहिजेत. आता हिशेब बघा. या घरचा फ्लश दाराचा पल्ला 35 मि.मी. जाडीचा. त्यात काठातून 25 चे भोक पाडले की दोन्ही अंगांना जेमतेम 5 मि.मी. लाकूड उरते. हात थोडा तिरपा झाला की भोक एका बाजूने पत्र्यासारखे पातळ होते, आणि जीभ वाकडी बसून अडकते. नुसत्या नजरेने हे भोक सरळ पाडणे सरावलेल्या मिस्त्रीलाच जमते. आपल्यासाठी गाइड असते.

गाइड म्हणजे पल्ल्याच्या काठावर चिमट्यासारखा बसणारा प्लास्टिकचा किंवा धातूचा साचा. त्याला पल्ल्याच्या अंगावर मोठे भोक आणि काठावर लहान भोक तयारच असते. स्क्रू आवळला की तो काठाचा मध्य आपोआप पकडतो. होल सॉ, म्हणजे डब्याच्या आकाराची गोल करवत, या भोकातून आत जाते म्हणून तिला भलतीकडे सरकता येत नाही. गाइड आणि दोन्ही मापांच्या होल सॉ एकत्र पेटीत मिळतात.

पहिले काम मापाचे, आणि चूक बहुधा इथेच होते. लॅचच्या खोक्यावर तीन आकडे पाहा. एक, कोणत्या जाडीच्या पल्ल्याला चालते. या लॅचवर 35 ते 45 लिहिले होते, म्हणजे आपला पल्ला अगदी शेवटच्या मापाला बसला. पल्ला 30 चा असता तर मुठी सैल राहून हलल्या असत्या; तेव्हा हे लॅच घ्यायचेच नाही. दोन, मोठ्या भोकाचा व्यास. तीन, पल्ल्याच्या काठापासून मोठ्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. हे 60 किंवा 70 मि.मी. असते आणि गाइडवर दोन्ही खुणा असतात. लॅच 70 चे आणि भोक 60 वर पाडले, तर जीभेची पट्टी काठाबाहेर एक सेंटिमीटर राहील आणि दार लागणारच नाही. सूनबाईंनी खोक्यावर विसंबून न राहता जीभेची पट्टी ते यंत्राच्या खाचेचा मध्य हे अंतर फुटपट्टीने मोजले. 60 भरले. गाइड 60 वर लावले.

जागा जमिनीपासून साधारण एक मीटरवर धरली. जुन्या कडीची स्क्रूची भोके तिथून दूर आहेत याची खात्री केली. मग नातीने फ्रिजवरचे लोहचुंबक आणून काठाच्या लाकडी पट्टीवरून फिरवले. फ्लश दाराची काठपट्टी कधी कधी खिळ्यांनी ठोकलेली असते, आणि खिळा लागला तर करवतीचे दात जातात. एका जागी चुंबक ओढले गेले. गाइड दोन बोटे वर सरकवले.

पल्ला हलू नये म्हणून खाली दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी मारल्या. नातीने ओढणी काढून ठेवली, केस बांधले, डोळ्यांवर चष्मा लावला. फिरत्या ड्रिलमध्ये ओढणी गेली तर सोडवायला वेळ मिळत नाही. मशीनचा हॅमर बंद करून साध्या ड्रिलवर आणला. हॅमर भिंतीसाठी असतो, लाकडात तो दात हापटतो. वेग कमी ठेवला. मशीन दोन्ही हातांनी धरले, कारण मोठी होल सॉ अडकली की मशीनच उलटे फिरू पाहते आणि मनगट मुरगळते.

आधी मोठे भोक. होल सॉच्या मध्यभागी बारीक ड्रिल असते, ते प्रथम लाकडात शिरते. जोर लावायचा नाही. दर थोड्या वेळाने करवत बाहेर काढून दातांतला भुसा झटकायचा. धूर आला किंवा करपल्याचा वास आला तर भुसा कोंडला आहे असे समजावे. आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट : पल्ल्याच्या पलीकडे मधल्या ड्रिलचे टोक दिसले की थांबायचे. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडची प्लायची पापुद्री चिरफळून निघते, आणि तो ओरखडा मुठीच्या गोल तबकडीबाहेरही दिसतो. नातीने टोक दिसताच मशीन थांबवले, पलीकडे जाऊन त्याच बारीक छिद्रात ड्रिल टेकवले आणि राहिलेले भोक तिकडून पूर्ण केले. दोन्ही कडा स्वच्छ आल्या. करवतीत अडकलेली लाकडाची चकती प्लग काढून, मागच्या फटीतून स्क्रूड्रायव्हरने ढकलली.

गाइड जागचे न हलवता मग काठातून 25 चे भोक. काठापासून मोठ्या भोकाच्या कडेपर्यंत फक्त 33 मि.मी. लाकूड असते. करवत मोठ्या भोकात उतरली की हात एकदम हलका होतो, तिथे थांबायचे.

गाइड काढून जीभ भोकात घातली. तिच्या पट्टीभोवती पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने रेघ कापली. सुरीच्या रेघेत पटाशी बरोबर बसते आणि लाकूड रेघेबाहेर फाटत नाही. पट्टीच्या जाडीइतके, सुमारे 3 मि.मी., खोल कोरले. जीभेचा उतार दार ज्या दिशेने बंद होते त्या बाजूला ठेवला. उलटा बसवला तर जीभ चौकटीला सरळ धडकते. मग मुठी बसवून स्क्रू आवळले. इथे सूनबाईंनी जरा जास्तच आवळले, तर दांडा खाली दाबल्यावर वर येईना. अर्धा फेरा सैल केल्यावर तो सहज उठला. ही तपासणी दार उघडे ठेवूनच करा. बंद दाराआड लॅच अडकले तर आपणच आत अडकतो.

राहिली चौकट. जीभेच्या टोकाला काजळ लावले, दांडा दाबून दार लावले आणि दांडा सोडला. चौकटीवर काळा ठिपका उमटला. तो मध्य धरून भोक पाडले आणि पट्टी बसवली. दार लागले, पण खडखडत होते. पट्टी 2 मि.मी. आत, दार टेकते त्या बाजूला सरकवली, खडखड गेली.

माझी एक चूकही सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच घरी मी हाताशी होती म्हणून 50 ची होल सॉ वापरली. यंत्र बसेना. भोक 54 चे करायला गेलो तर मधल्या ड्रिलला धरायला लाकूडच उरले नव्हते, करवत पल्ल्यावर भरकटली आणि ओरखडे पडले. चकती परत बसवावी म्हटले तर तीही सैल; करवतीच्या दातांनी जेवढे लाकूड खाल्ले तेवढी ती लहान झालेली असते. शेवटी 12 मि.मी. प्लायच्या तुकड्याला 54 चे भोक पाडून तो शिकंज्याने पल्ल्यावर घट्ट धरला आणि त्याच्या आधाराने भोक मोठे केले. घरच्या घरी बनवलेले ते गाइडच. भोक लहान पडले तर हा उपाय आहे. मोठे पडले किंवा जागा चुकली, तर मात्र दोन्ही अंगांना पत्र्याची रुंद पट्टी मारून झाकण्यापलीकडे फार काही करता येत नाही.

आणखी एक. हे लॅच आतल्या खोलीचे आहे. घराच्या मुख्य दाराला यावर भिस्त ठेवू नका. तिथे वेगळे भक्कम कुलूप हवेच.

काम संपायला चार तास लागले. आजी उठून आल्या, आत गेल्या, दार लावले, बटण दाबले. सूनबाईंनी बाहेरून पिन घातली, दार उघडले. आजींनी ते तीनदा करायला लावले. मग ती पिन चौकटीच्या वर, बाहेरच्या बाजूला, एका खिळ्याला दोऱ्याने बांधली, आणि शेजारच्या घरातल्या दोघांनाही ती जागा दाखवून ठेवली.