लोहचुंबकाचा खोटा निकाल

स्टीलची वस्तू घेताना लोहचुंबक लावून बघायची पद्धत आता रूढ झाली आहे. चुंबक चिकटला की ते लोखंड आणि गंजणार. नाही चिकटला की अस्सल स्टेनलेस. ही परीक्षा सोपी आहे, पण ती भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते.

लोखंड केवळ पाण्याने गंजत नाही. उकळून हवा घालवलेल्या पाण्यात, वर तेलाचा थर देऊन ठेवलेला खिळा चकचकीत राहतो. कोरड्या हवेतही तो गंजत नाही. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. ओल्या पृष्ठभागावर लोखंडाचे अणू एका जागी इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात आणि दुसऱ्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. यातून होणारा गंज सच्छिद्र असतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते.

स्टेनलेसमध्ये हाच ऑक्सिजन रक्षक होतो. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर धरतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा तयार होतो.

चुंबकाला हा थर कळत नाही. त्याला कळते ती पोलादातली अणूंची मांडणी. १८ टक्के क्रोमियमच्या ३०४ प्रतीत आठेक टक्के निकेल असते. निकेल ती मांडणी बदलते, म्हणून चुंबक चिकटत नाही. ४३० प्रतीत क्रोमियम १६ ते १८ टक्के, पण निकेल जवळजवळ नसते. तिला चुंबक चिकटतो, तरी ती स्टेनलेसच. उलट २०१ प्रतीत महाग निकेल कमी करून मँगनीज घालतात. चुंबक तिला सोडून देतो, पण गंजाला ती ३०४पेक्षा लवकर बळी पडते.

क्रोमियमचा नुसता मुलामा दिलेले लोखंड चुंबक पकडतो, हे कबूल. पण तो ४३०लाही तसाच पकडतो. मग दोन्हींतला फरक कसा ओळखणार?

तेव्हा विचारायचे ते प्रत कोणती आणि वस्तू कुठे वापरायची. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात ३०४चा कठडाही डागाळतो, कारण मिठातले क्लोराइड रक्षक थर जागोजागी फोडते. तिथे दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत जास्त टिकते. तीही वरचेवर गोड्या पाण्याने धुवावी लागते, कारण साचलेल्या मिठाखाली ऑक्सिजन नीट पोहोचत नाही आणि थर सांधला जात नाही.

डाग दिसलाच तर आधी मऊ कापडाने पुसून बघा. खाली गुळगुळीत पृष्ठभाग निघाला, तर तो डाग बहुधा लोखंडी घासणीच्या कणांचा गंज आहे. सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, तर मात्र थर फुटला आहे. दुकानदाराकडून प्रत बिलावर लिहून घ्या. चुंबक त्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही.