फलकावरचा रुबाब

‘सर्व संबंधित पालकांना सूचित करण्यात येते की, आपल्या पाल्याच्या शिष्यवृत्ती प्रस्तावासमवेत आवश्यक दस्तऐवजांच्या स्वसाक्षांकित छायाप्रती विहित कालावधीत विद्यालयाच्या कार्यालयात सादर करणे अनिवार्य असून तदनंतर प्राप्त प्रस्ताव ग्राह्य धरले जाणार नाहीत.’

अशी सूचना आपल्याकडे कुठल्याही शाळेच्या फलकावर सापडेल. वाचताना छाती दडपते. पण दोनदा वाचा आणि सांगा, कोणती कागदपत्रं आणायची? ती कधीपर्यंत द्यायची? वाक्य एवढं भरजरी, आणि त्यात तारीखच नाही!

माझा राग संस्कृतवर नाही, या लपवाछपवीवर आहे. ‘विहित कालावधी’ लिहिलं की मुदत माहीत नसली तरी चालतं. ‘आवश्यक दस्तऐवज’ लिहिलं की यादी करायचे कष्ट वाचतात. मग पालक रोजगार बुडवून येतो, खिडकीपाशी उभा राहतो आणि त्याला कळतं की मूळ पासबुक नको होतं, त्याची झेरॉक्स हवी होती, तीही सही केलेली. त्यावर क्लार्कचं ठरलेलं उत्तर असतं, ‘फलकावर लिहिलंय, वाचता येत नाही का?’

हीच सूचना मी अशी लिहीन:

‘शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी उत्पन्नाचा दाखला, विद्यार्थ्याचे आधार कार्ड आणि बँक पासबुकाचे पहिले पान यांच्या झेरॉक्स प्रती अर्जासोबत मंगळवार, १५ जुलै रोजी दुपारी ४ वाजेपर्यंत शाळेच्या ऑफिसात द्याव्यात. प्रत्येक प्रतीवर पालकांनी स्वतःची सही करावी. सर्व अर्ज १६ जुलैला पुढे पाठवायचे असल्याने मुदतीनंतर आलेले अर्ज घेता येणार नाहीत. काही अडचण असल्यास मुदतीआधी ऑफिसात सांगावे. – मुख्याध्यापक’

‘विहित’ काढताच तारीख शोधावी लागली. ‘आवश्यक’ काढताच यादी करावी लागली. ‘ग्राह्य धरले जाणार नाहीत’ या धमकीच्या जागी खरं कारण आलं. बरेच लोक सोपं लिहायला का घाबरतात, ते इथे कळतं. सोप्या वाक्यात न केलेलं काम उघडं पडतं.

एक शब्द मात्र जपून बदलावा लागतो. ‘स्वसाक्षांकित छायाप्रत’ची नुसती ‘झेरॉक्स’ केली तर अर्थच सांडतो, कारण सहीची अट निघून जाते. म्हणून तिथे एका शब्दाचं एक वाक्य झालं. होऊ दे. जागा वाचवायला फलक म्हणजे काही तार नव्हे.

आता मुख्याध्यापकांचा हुकमी आक्षेप: ‘असं लिहिलं तर शाळेचा आब काय राहणार?’ महाराज, शाळा जो सगळ्यात वजनदार कागद देते, त्याचं नाव आहे ‘शाळा सोडल्याचा दाखला’. पुढच्या प्रवेशापासून जातीच्या दाखल्यापर्यंत तो लागतो, माणसं तो आयुष्यभर जपून ठेवतात. ‘विद्यालय-परित्याग प्रमाणपत्र’ नाही म्हणून आजवर कुणी तो परत केल्याचं ऐकिवात नाही. अर्ज, दाखला, मुदत हे शब्द तर अरबीतून आलेले, तरी कचेरीत त्यांच्याइतकं मानाचं कोण आहे?

उलट टोकाचे उत्साही लोकही मला तेवढेच नकोसे वाटतात. ‘पालकांनो, पेपर पटापट आणून टाका, लेट झालं तर आम्ही जबाबदार नाही’ ही सोपी भाषा नव्हे, हा उद्धटपणा आहे. मराठीत आब क्रियापदात राहतो. ‘द्या’ म्हटलं की हुकूम होतो, ‘द्याव्यात’ म्हटलं की अदब येते, आणि त्यासाठी एकही जड शब्द लागत नाही. मी इथे ‘केलं-गेलं’ लिहितो, पण सूचनेत ‘सांगावे’, ‘पान’च्या आधी ‘पहिले’ असंच ठेवलं. फलकावर लेखी वळण शोभतं. विद्यार्थी, शिष्यवृत्ती, परीक्षा हे संस्कृत शब्दही जिथल्या तिथे राहू द्यावेत. शेतात राबणारी आजीसुद्धा ‘परीक्षा’ म्हणते. कोणता शब्द कुठून आला याची चौकशी करायची गरज नाही, तो पालकाच्या तोंडात आहे की नाही एवढं पाहावं.

ते पाहण्यासाठी समिती नको. सूचना फलकावर लावण्याआधी शाळेच्या शिपायाला किंवा मुलाला सोडायला आलेल्या एखाद्या आईला वाचायला द्यावी आणि विचारावं: काय आणायचं, कधीपर्यंत, कुणाकडे द्यायचं? उत्तर ‘म्हणजे बहुतेक...’ असं सुरू झालं, तर कागद घेऊन मुख्याध्यापकांनी निमूटपणे पुन्हा टेबलाशी बसावं.