चेष्टा ‘प्रीपोन’ची, घोटाळा ‘रिव्हर्ट’चा

भारतीय ऑफिसातल्या इंग्रजीची टिंगल करायची म्हटलं की पहिला मान ‘प्रीपोन’ला मिळतो. चार वर्षं न्यू जर्सीत राहून आलेला आपला भाचाच सांगतो, “मामा, इंग्रजीत असा शब्दच नाही.” दुसरा नंबर ‘डू द नीडफुल’चा. या दोघांवर विनोद झाले, मीम झाले, कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत त्यांच्यावर लाल फुल्याही पडल्या. मात्र ज्या शब्दांमुळे खरोखर काम अडतं किंवा उलटं होतं, ते या यादीत सहसा नसतात. आज जरा या आरोपींची उलटतपासणी करू.

त्यासाठी कसोटी एकच ठेवू. शब्द शुद्ध आहे का, लंडनमधला माणूस तो वापरतो का, हे प्रश्न बाजूला ठेवायचे. मेल वाचून समोरच्यानं आपल्याला हवं होतं तेच केलं का, एवढंच पाहायचं.

आधी ‘प्रीपोन’. हा शब्द भारतात जन्मला असा आपला समज आहे, पण १९१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला आलेल्या एका वाचकाच्या पत्रात तो याच अर्थानं सापडतो. ‘पोस्टपोन’ला जोड हवी, विशेषतः वकिलांच्या सोयीसाठी, म्हणून त्या वाचकानं हा शब्द सुचवला होता. अमेरिकेनं तो घेतला नाही. आपण घेतला आणि रुळवला, आणि आता ऑक्सफर्डच्या कोशातही तो आहे.

मग अमेरिकन किंवा ब्रिटिश माणूस बैठक अलीकडे आणताना काय म्हणतो? ‘मूव्ह अप’, ‘ब्रिंग फॉरवर्ड’, नाहीतर नुसतं ‘मूव्ह फॉरवर्ड’. खरी गंमत इथे आहे. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कार यांचा या विषयावरचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी भाषकांना विचारलेला प्रश्न असा होता: येत्या बुधवारची बैठक दोन दिवस ‘फॉरवर्ड’ सरकवली आहे, तर ती आता कोणत्या वारी? एरवी या प्रश्नावर साधारण निम्मे लोक सोमवार सांगतात आणि निम्मे शुक्रवार. काळ आपल्याकडे चालत येतो असं ज्याला वाटतं, त्याच्या लेखी बैठक जवळ आली. आपणच काळातून पुढे चालतो असं ज्याला वाटतं, त्याच्या लेखी ती लांब गेली.

मराठी माणसाचा गोंधळ तर आणखी पक्का. आपल्याकडे बैठक पुढे गेली म्हणजे ती लांबलीच, त्यात दुसरा अर्थ नाही. त्यामुळे इंग्लंडच्या साहेबानं ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहिलं, म्हणजे बैठक अलीकडे घेतली, की नाशिकच्या नवख्या इंजिनियरच्या मनात ती आपोआप पुढे ढकलली जाते. ‘प्रीपोन’ला हा दुहेरी अर्थच नाही. न ऐकलेल्या माणसालाही ‘पोस्टपोन’च्या वजनावर तो बहुतेक वेळा उमगतो, आणि नाही उमगला तर तो विचारतो, उलटा अर्थ मात्र घेत नाही. आपल्या कसोटीवर ‘प्रीपोन’ निर्दोष सुटतो. त्याच्यासोबत नवा वार आणि नवी वेळ लिहिली की झालं, आणि तेवढं तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिणाऱ्यानंही करायला हवं.

‘डू द नीडफुल’चं प्रकरण वेगळं आहे. हा शब्दप्रयोग ब्रिटिश व्यापारी आणि कारकुनी पत्रव्यवहारातला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तो सर्रास चालत होता. तिथे तो मागे पडला, आपल्या कचेऱ्यांत राहिला. ‘प्लीज फाइंड द सेम अटॅच्ड’मधला ‘द सेम’ही त्याच घराण्यातला. आपल्या सरकारी मराठीत त्यांचे भाऊबंद आहेतच: ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी सादर’.

तिथे ही भाषा का चालते ते पाहण्यासारखं आहे. तहसील कचेरीत फाइल ज्या टेबलावर जाते, त्या टेबलावरच्या लिपिकाला पुढे काय करायचं ते माहीत असतं. कोणता शेरा, कोणती नोंद, कोणाची सही, हे ठरलेलं. अशा माणसाला पाच पायऱ्या लिहून पाठवणं म्हणजे त्याला त्याचं काम शिकवणं. ‘आवश्यक कार्यवाही’ या दोन शब्दांत त्याच्या जाणतेपणाचा मान राखला जातो. ‘नीडफुल’चाही सूर तोच आहे. दोघांना कार्यपद्धत ठाऊक असेल, तर तो अचूक आणि अदबीचा शब्द आहे.

कार्यपद्धत सामाईक नसली की तो पोकळ होतो. समजा, पुण्याच्या मनुष्यबळ विभागातून इंग्लंडमधल्या लीड्सच्या कार्यालयाला मेल गेली: नव्या सहकाऱ्याचा फॉर्म जोडला आहे, ‘काइंडली डू द नीडफुल’. पाठवणाऱ्याच्या मनात तीन कामं आहेत: लॉगिन तयार करणं, पगाराच्या यादीत नाव घालणं आणि इमारतीचं ओळखपत्र काढणं. लीड्समध्ये ही तीन कामं तीन वेगवेगळ्या विभागांची आहेत. ज्याला मेल मिळाली तो आपल्या वाट्याचं एक काम करतो आणि मेल बंद करतो. सोमवारी सहकारी रुजू होतो, लॉगिन चालतं, पण दरवाजा उघडत नाही. यात इंग्रजीचा दोष नाही. काम कोणाचं, हे मेलमध्ये लिहिलेलंच नव्हतं.

शिवाय ‘काइंडली’ आपल्याला नम्र वाटतो, तो अमेरिकन कानाला कधी शिक्षकानं दटावल्यासारखा लागतो. त्यात फसव्या मेलींमध्ये ‘काइंडली’ची इतकी रेलचेल असते, की अनोळखी पत्त्यावरून ‘काइंडली डू द नीडफुल’ आलं की तिकडचे बरेच जण उत्तर देण्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासतात. तिथे साधा ‘प्लीज’ पुरतो.

आता खऱ्या आरोपीकडे वळू: ‘रिव्हर्ट’. भारतात, आणि सिंगापूर-मलेशियातही, ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे ‘उत्तर कळवा’. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे त्याचा अर्थ होतो पूर्वस्थितीला जाणं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर हा शब्द आज्ञा म्हणूनच वापरला जातो. `git revert HEAD` टाइप केलं की आधी केलेला बदल रद्द करणारी नवी नोंद तयार होते. म्हणजे ज्या क्षेत्रातून आपल्या असंख्य मेली परदेशी जातात, त्याच क्षेत्रात या शब्दाचा अर्थ ‘केलेलं काम उलटवा’ असा पक्का ठरलेला आहे.

एक मेल घेऊ. पुण्याच्या चमूनं शिकागोच्या ग्राहकासाठी सर्व्हरची प्रतीक्षावेळ ३० सेकंदांवरून ६० केली आणि लिहिलं: ‘द टाइमआउट हॅज बीन चेंज्ड टू सिक्स्टी सेकंड्स. प्लीज रिव्हर्ट बाय ईओडी.’ पुण्याला म्हणायचंय, ठीक आहे का ते दिवसअखेर कळवा. शिकागोतला इंजिनियर वाचतो, बदल केला होता, तो आता मागे घ्या. सावध माणूस विचारेल, “का, काही बिघडलं का?” घाईतला माणूस ३० सेकंद परत लावून मोकळा होईल. दुसऱ्या दिवशी पुण्यात शोध सुरू होतो की आकडा कोणी बदलला.

त्यात ‘ईओडी’, म्हणजे दिवसअखेर, पण कोणाची? उन्हाळ्यात शिकागो आपल्या साडेदहा तास मागे असतं. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिथे सकाळचे आठ. पुण्याचा दिवस संपला आणि उत्तर आलं नाही म्हणून इकडे कुरकुर चालू, तेव्हा तिकडचा माणूस कॉफी घेऊन नुकता खुर्चीत बसलेला असतो.

‘रिव्हर्ट’वर कोणी हसत नाही, कारण तो कोशातला, खानदानी, वजनदार शब्द दिसतो. धोका त्यातच आहे. ‘प्रीपोन’ वाचून परदेशी माणूस क्षणभर थांबतो. ‘रिव्हर्ट’ वाचून तो थांबत नाही, कारण आपल्याला अर्थ कळला अशी त्याची खात्री असते.

याच जातीचा दुसरा आरोपी थेट आपल्या मराठीतून, हिंदीच्याही मदतीनं, इंग्रजीत शिरला आहे. तो म्हणजे आपला लाडका ‘च’. “उद्याच पाठवतो” यात घाई आहे, वचन आहे. परवावर जाणार नाही याची हमी आहे. हाच ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन बसतो: ‘आय विल सेंड इट टुमॉरो ओन्ली.’ वाचणारा त्यातून घेतो, उद्याशिवाय नाही, म्हणजे आज मिळणार नाही. आपण तत्परता कळवली, त्यानं दिरंगाई वाचली. ‘टुडे इटसेल्फ’ कानाला विचित्र वाटेल, पण अर्थ सरळ पोहोचतो. ‘ओन्ली’ मात्र अर्थ फिरवतो. ‘आय हॅव अ डाऊट’चंही तसंच. आपण वर्गात शंका विचारत मोठे झालो, म्हणून ‘डाऊट’ म्हणजे आपल्याला प्रश्न. तिकडच्याला वाटतं, याचा माझ्या कामावर विश्वास नाही.

यावर रास्त आक्षेप येईल की दर वेळी आपणच का बदलायचं. पुण्याहून बंगळुरूला किंवा सिंगापूरला मेल जात असेल तर बदलूच नका. तिथे ‘रिव्हर्ट’ सगळ्यांना कळतो. भारतीय इंग्रजी ही चुकांची यादी नाही, कोट्यवधी लोकांच्या रोजच्या कामाची भाषा आहे. पण मेल कोणासाठी लिहायची, तर वाचणाऱ्यासाठी, हे पोस्टकार्डाच्या काळापासून ठरलेलं आहे.

तेव्हा माझा निवाडा असा. ‘प्रीपोन’ बिनधास्त वापरा, सोबत वार आणि वेळ लिहा. ‘डू द नीडफुल’ घरच्या कचेरीपुरता ठेवा. बाहेर पाठवताना त्या जागी काम आणि ते करणाऱ्याचं नाव लिहा. ‘ईओडी’ऐवजी घड्याळातली वेळ लिहा आणि ती कोणत्या शहरातली तेही. ‘टुमॉरो’ पुरेसा असतो, ‘ओन्ली’ गाळा. शंका असेल तर ‘क्वेश्चन’ म्हणा. आणि साता समुद्रापार जाणाऱ्या मेलमधून ‘रिव्हर्ट’ आजपासून काढून टाका. उत्तर हवं असेल तर सरळ ‘रिप्लाय’ मागा.