पोटातल्या बाळाला हाक मारताना

परवा प्रोफेसर कॉलनी चौकातून भाजी घेऊन येताना एका मंगल कार्यालयाच्या दारातला फ्लेक्स वाचला आणि पाय थबकले. आत डोहाळजेवण चाललं होतं. फ्लेक्सवर फुलांचे दागिने ल्यालेली, हातात धनुष्यबाण धरलेली होणारी आई होती आणि तिच्या फोटोखाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचे युवराज येत आहेत!' मला राग आला. सातव्या महिन्यात या घराला युवराजच येणार हे कुणी सांगितलं? कुणी सांगितलं नसणार. सांगितलं असेल तर तो गुन्हा आहे. म्हणजे ही नुसती इच्छा. पण ती इच्छा त्या मुलीच्या फोटोखाली छापून चौकात टांगली, आणि तिनं त्याच फ्लेक्ससमोर बसून ओटी भरून घेतली.

आकडे सगळ्यांना माहीत असायला हवेत, म्हणून एकदाच सांगते. गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 साली केला, केंद्राचा 1994 साली आला. शब्दांनी, खुणेनं किंवा इतर कुठल्याही प्रकारे गर्भाचं लिंग सांगायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या 852. दहा वर्षं आधी 884 होत्या. अशा जिल्ह्यात 'युवराज' हे नुसतं लाडाचं नाव राहत नाही.

लाडाचं नाव मात्र असावं, अगदी असावं. बारशाला आत्या कानात 'कुर्र' करून सांगते ते नाव पुढचं. त्याच्या कितीतरी आधी घरात एक नाव आपोआप येऊन बसलेलं असतं. आमच्या गल्लीतच मी पिल्लू ऐकलंय, चिमणं ऐकलंय, वाटाणा ऐकलाय. एका घरी रात्री बारा वाजता फक्त भेळ खावीशी वाटायची म्हणून 'भेळू' होता, की होती, ते नऊ महिने कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नाही. आपल्या भाषेत त्याची सोयच आहे. बाळ ते, पिल्लू ते, लेकरू ते. 'आज फार लाथा मारतंय', 'गोड खाल्लं की जागं होतं', 'आजीचा आवाज आला की गप्प बसतं'. आपल्या आज्या पिढ्यान्पिढ्या पोटातल्या बाळाबद्दल असंच बोलत आल्या. हिंदी बोलणाऱ्याला ही सवलत नाही, त्याला क्रियापद उच्चारताना 'ता' किंवा 'ती' करावंच लागतं. आपल्याला लागत नाही. एवढी सोय हाताशी असताना 'मारतो', 'येतो', 'खातो' म्हणणारी माणसं आपल्या मनातलं सांगत असतात, आणि ते होणारी आई रोज ऐकत असते.

कोरियात पोटातल्या बाळाच्या नावाची पद्धत आता घरोघरी रुजली आहे, तिला ते 'थेम्यंग' म्हणतात. तिथंही मुलग्यांचा हव्यास होता, तिथंही 1987 साली डॉक्टरांनी गर्भाचं लिंग सांगण्यावर बंदी आली. लोकांनी नावं ठेवली ती अशी, की मुलगा असो वा मुलगी, दोघांना शोभावीत. धडधाकट, आशीर्वाद, लाडकं, अशा अर्थांची. बाळाला नीट ऐकू जावं म्हणून ठसक्याचे, जोर देऊन म्हणायचे उच्चार त्यात मुद्दाम घेतात. हळूहळू तिथला मुलगा-मुलगीचा तोल सावरला, आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्यांच्या घटना न्यायालयानं उरलेली बंदीही उठवली, आता तिची गरज उरली नाही म्हणून. ते नुसत्या नावांनी झालं असं मी म्हणत नाही. मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, घराण्याचे कायदे बदलले. पण जिथं अशी नावं रुजतात त्या घरात 'युवराज' आधीपासून बसलेला नसतो, हेही खरंच.

बाळाला ऐकू जातं का, हा प्रश्न मला हमखास विचारतात. जातं, पण पहिल्या दिवसापासून नाही. साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या सुमाराला ते आवाजानं दचकायला, हलायला लागतं. बाहेरचा आवाज आईच्या पोटातून आणि पाण्यातून जाताना गाळून जातो. बारीक, टोकदार ध्वनी बाहेरच राहतात आणि आत पोचतो तो आवाजाचा चढउतार, त्याची लय. आईचा आवाज मात्र तिच्या हाडामांसातूनही आत जातो, म्हणून तोच सगळ्यांत ठळक. 1980 साली डीकॅस्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी दाखवलं, की तीन दिवसांच्या आतली बाळंसुद्धा परक्या बाईपेक्षा स्वतःच्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. स्वतःचं नाव म्हणून नाव ओळखायला मात्र बाळाला जन्मानंतर चार-साडेचार महिने लागतात. तेव्हा पोटातल्या नावाचा अर्थ बाळाला कळत नाही. ते नाव घेताना आई कोणत्या सुरात बोलते, ते पोचतं. 'युवराज' म्हणताना जिच्या पोटात गोळा येतो तिचा सूरही.

हे नाव खरं तर बाळापेक्षा आईसाठी असतं, हे मला शेजारच्या घरानं शिकवलं. तिथली सून माझ्याकडे संध्याकाळी चहाला येते. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. संक्रांतीच्या आठवड्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. पाचवा आठवडा होता. फोनवर कुठेतरी लिहिलेलं होतं, की या आठवड्यात बाळ तिळाएवढं असतं. वाणाच्या ताटात तीळ होतेच. नवऱ्यानं एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला, आणि बाळाचं नाव झालं तिळू. सातव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. पडद्यावर ठोके लुकलुकताना दोघांनी पाहिले. मग तर तिळू घरभर झालं. डब्यात पोळ्या भरताना एक जास्त, ती तिळूची. गाडी खड्ड्यातून गेली की 'अगं, तिळू' म्हणून नवरा ब्रेक दाबायचा.

अकराव्या-बाराव्या आठवड्याची तपासणी आली. ना दुखत होतं, ना रक्त गेलं होतं, उलटीची भावना थोडी कमी झाली होती एवढंच, आणि ती बरं वाटतंय म्हणून खुशीत होती. डॉक्टरीण बाई पडद्याकडे पाहत बराच वेळ गप्प राहिल्या. बाळाची वाढ साडेआठ आठवड्यांवरच थांबली होती. ठोके नव्हते. बाईंनी घाई केली नाही, दुसऱ्या डॉक्टरांकडून पुन्हा पाहून घेतलं, मगच सांगितलं. पहिल्या तीन महिन्यांत असं होणं दुर्मीळ नाही. ज्यांना दिवस गेल्याचं कळलेलं असतं अशा दर दहा बायकांत एकीदोघींचं बाळ राहत नाही, आणि बहुतेक वेळा ते याच तीन महिन्यांत. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच घोळ असतो, ते गर्भ मुळात वाढणारे नसतात. जिना चढल्यानं नाही, पपई खाल्ल्यानं नाही, गाडी खड्ड्यात गेल्यानं नाही. हे बाईंनी तिला दोनदा सांगितलं आणि नवऱ्याला समोर बसवून तिसऱ्यांदा.

घरी आल्यावर मात्र दुसरंच ऐकायला मिळालं. 'तीन महिने व्हायच्या आत नाव ठेवायचं नसतं, नजर लागते.' 'काही नव्हतंच अजून, गोळा होता.' 'पुन्हा राहील, तरुण आहेस.' बोलणाऱ्या बायका वाईट नव्हत्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी स्वतः हे भोगलेलं होतं, आणि त्यांनाही कुणी असंच गप्प केलं होतं. आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही रीत आहे, चोरओटी म्हणूनच चोरून. नजरेपासून त्यानं किती राखण होते ते मला माहीत नाही, पण गेलेल्या बाळाचं दुःखही त्या रीतीत चोरूनच करावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माणूस गेलं तर तेरा दिवस लोक येऊन बसतात. पोटातलं गेलं तर चौथ्या दिवशी 'आता कामाला लाग, मन रमेल'.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी एवढंच विचारलं, "तिळूचा फोटो आहे का गं तुझ्याकडे?" तिनं पर्समधून सोनोग्राफीचा तो काळा-करडा कागद काढला. चार घड्या घातलेल्या. घडीच्या रेषेवर शाई उडाली होती आणि कोपऱ्यात पेनानं तारीख लिहिलेली. "काकू, घरात सगळे 'ते' म्हणतात. 'ते झालं तेव्हा', 'ते विसर'. तुम्हीच नाव घेतलंत," असं म्हणून ती पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. मी चहा पुन्हा ठेवला. त्या दिवशी ती तासभर तिळूबद्दलच बोलली: पोळीबद्दल, ब्रेकबद्दल, तिळगुळाच्या ताटाबद्दल. आठच आठवड्यांचं असलं म्हणून काय झालं, त्या घरात ते राहून गेलं होतं.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं नाव ठेवलं नाही. नवऱ्यानंही ठेवलं नाही. वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत हातपाय, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे सगळं नीट असल्याचं कळल्यावरही दोघं घाबरलेलेच. पोटात पहिली फडफड जाणवल्यावर सासूबाईच एका संध्याकाळी म्हणाल्या, "चिमणं फडफडतंय का गं आज?" पहिल्या वेळी 'गोळा होता' म्हणणाऱ्या याच. नाव पुन्हा घरात यायला सासूबाईंचीच परवानगी लागली, असं तिनं मला सांगितलं. चिमणं आता सव्वा वर्षाचं आहे, बारशाचं नाव लांबलचक आहे आणि घरात अजून कुणी ते घेत नाही.

तेव्हा तुमच्या घरी, शेजारी, ऑफिसात एखादीचं बाळ पोटातच गेलं असेल, तर 'विसर' म्हणू नका. तुम्ही त्याला काय म्हणत होतात, एवढं विचारा. आणि ती सांगेल ते नाव तिच्यासमोर एकदा घ्या.