रजेच्या अर्जातील रिकामी जागा

ठाणे जिल्ह्यात आणि मुंबईत 'ठाण्याला पाठवायला हवे' हे वाक्य थट्टेत उच्चारले जाते आणि त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून तेथे आहे. संस्था जुनी झाली, तिचे नाव बोलीत शिरले आणि शिवीही होऊन बसले. भिवंडीच्या निजामपुऱ्यातून ते रुग्णालय तासाभराच्याही अंतरावर नाही. मानसिक आजारासाठी वैद्यकीय रजा मागू पाहणाऱ्या तेथील शिक्षकाला किंवा लिपिकाला अर्ज लिहिताना आधी आठवते ते हे वाक्य. रजेचे नियम त्यानंतर.

नियम मात्र थट्टा जाणत नाहीत. सरकारी सेवेतील वैद्यकीय प्रमाणपत्राच्या ठराविक नमुन्यात आजाराच्या नावासाठी एक रिकामी जागा असते. ती कशी भरावी, हाच येथे प्रश्न आहे.

एक उदाहरण कल्पून पाहू. निजामपुऱ्यातील एका पालिका शाळेतील शिक्षिका. सेवा अकरा वर्षांची. चार महिने झोप नाही, वर्गात शब्द सापडत नाहीत, वह्या तपासावयास घेतल्या की रडू येते. मनोविकारतज्ज्ञाने तीव्र नैराश्याचे निदान केले आणि सहा आठवडे विश्रांती सांगितली. सुटीच्या खात्यात मोडत असल्याने शिक्षकांजवळ अर्जित रजा फारशी नसते. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस, म्हणजे बाईंच्या खाती 220 दिवस. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचे पूर्ण वेतनाच्या परिवर्तित रजेत रूपांतर होते, पण दुप्पट दिवस खर्ची पडतात. 42 दिवसांच्या रजेपोटी 84 दिवस जातील, 136 उरतील. पैशाच्या दृष्टीने अडचण नाही. अडचण आहे ती प्रमाणपत्राची.

येथे घरचे लोक आणि सहकारी एक सोपी वाट सुचवितात. ओळखीच्या डॉक्टरांकडून विषमज्वर किंवा कावीळ लिहून आणावी. ही वाट पहिले दोन आठवडे सुखाची असते. पण नैराश्य दोन आठवड्यांत बरे होत नाही, आणि सहा आठवड्यांचा विषमज्वर कार्यालयाला खटकतो. रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला जिल्हा शल्यचिकित्सकांकडून फेरतपासणी करविण्याचा अधिकार असतो; तेथे रक्ततपासणी खोटे उघडे पाडते. मग आजार बाजूला राहतो आणि खोट्या प्रमाणपत्राचे प्रकरण सुरू होते. ते गैरवर्तन ठरते, आणि मनोविकार ज्याला झाला त्याच्या अंगाला असत्यवादीपणाचा दुसरा डाग लागतो. शिवाय पुढे आजार उलटला तर पहिल्या वेळचा कागद काविळीचा असतो. हा जुना आजार आहे हे सांगावयास पुरावा उरत नाही.

खोटे लिहिणे आणि न लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते. डॉक्टर 'माझ्या उपचाराखाली असून अमुक दिवस कामापासून दूर राहणे आवश्यक' एवढेच लिहू शकतात. ते सत्य आहे, जरी संपूर्ण नसले तरी. एक बारकावा मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: मनोविकारतज्ज्ञाच्या छापील कागदावरच त्याची पदवी आणि विषय असतो. आजाराचे नाव टाळूनही मथळा सारे सांगून टाकतो. म्हणून ज्या सर्वसाधारण रुग्णालयात उपचार चालू असेल तेथील कागदावर, त्याच डॉक्टरांच्या सहीचे प्रमाणपत्र मागणे शहाणपणाचे. कार्यालयाने अपुरे म्हणून ते परत केले तरच आजाराच्या नावाचा प्रश्न उभा राहतो.

तो उभा राहिला तर कायदा किती आधार देतो? मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून अंमलात आला. त्याच्या 23 व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण त्या कलमाने गुप्तता राखण्याचे कर्तव्य घातले आहे ते उपचार करणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकांवर. आवक-जावक लिपिकावर किंवा मुख्याध्यापकावर ते कलम तसे बंधन घालीत नाही. अर्ज शाळेतून निघून शिक्षण विभागाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत किती डोळ्यांखालून जातो, हे ज्याने कार्यालयात नोकरी केली आहे त्याला सांगावयास नको. तेव्हा खबरदारी अर्जदारानेच घ्यावयाची. मुख्य अर्जात 'वैद्यकीय कारणास्तव' इतकेच लिहावे. प्रमाणपत्र बंद पाकिटात, वर 'गोपनीय' असे लिहून, रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे द्यावे आणि पाकिटाची पोच घ्यावी. मंजुरीच्या आदेशात आणि सेवापुस्तकात रजेचा प्रकार व दिनांक पुरेत. आजाराचे नाव नोंदू नये, अशी विनंती अर्जातच करावी. माहितीच्या अधिकाराखाली कोणी ती नस्ती मागेल ही भीतीही पुष्कळांना वाटते. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सेवाविषयक तपशील वैयक्तिक माहितीत मोडतात असे म्हटले असून सार्वजनिक हित सिद्ध झाल्याखेरीज तो उघड होऊ नये, असा त्याचा रोख आहे.

इतके जपून का होईना, सांगावे असे म्हणण्यास कारण कोणते? आमच्या मते उत्तर आजाराच्या मुदतीवर आणि कामावर पडणाऱ्या त्याच्या छायेवर अवलंबून आहे. दोन-तीन आठवड्यांत आवरणाऱ्या दुखण्यासाठी आजाराचे नाव कोणालाही सांगण्याची गरज नाही. परंतु रजा पुन:पुन्हा लागत असेल, कामात चुका होत असतील, वरिष्ठांशी खटके उडू लागले असतील, तर मौन महाग पडते. कारण कायद्याचे संरक्षण मालकाला आजार ठाऊक असल्यावरच खऱ्या अर्थाने हाती लागते. रविंदर कुमार धारिवाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2021 रोजी निर्णय दिला. ते केंद्रीय राखीव पोलीस दलात अधिकारी होते, मनोविकाराचे उपचार घेत होते, आणि त्यांच्या वर्तनावरून विभागीय चौकशी लावली गेली होती. मानसिक विकलांगतेमुळे कामाच्या ठिकाणचे दंडक पाळणे इतरांपेक्षा कठीण होते, आणि वर्तनामागे ती एक कारण असली तरी संरक्षण मिळते, असे न्यायालयाने म्हटले आणि ती कारवाई रद्द केली. त्यांच्या बाजूने उपचारांचे कागद होते. 'कारणे दाखवा' नोटीस हाती पडल्यानंतर प्रथमच आजार सांगणाऱ्याकडे सबब सांगणारा म्हणून पाहिले जाते.

2016 च्या विकलांग व्यक्ती हक्क कायद्याचे 20 वे कलमही येथे उपयोगी आहे. सेवेत असताना विकलांगता आली म्हणून शासकीय आस्थापनेला नोकरीवरून काढता येत नाही वा पद उतरविता येत नाही. शासनाचे अनुदान घेणाऱ्या शाळाही त्या व्याख्येत बसतात. मर्यादा इतकीच की एका वेळच्या नैराश्याला विकलांगता म्हणता येत नाही. दीर्घकालीन आणि जीवनात अडथळा आणणारा विकार असावा लागतो.

निजामपुऱ्याभोवतीच्या यंत्रमागांवरील कामगाराला या कलमाचा उपयोग नाही. तो राज्य कामगार विमा योजनेत असेल तर गणित उलटे होते. तेथील वाढीव आजारपण लाभाच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मनोविकार आहेत, आणि अटी पूर्ण होत असल्यास सुमारे 80 टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. निदान लपविले तर त्याला तो लाभ मिळत नाही. मात्र ज्या मागाच्या खोलीत ही योजना पोचलेलीच नाही, तेथील माणसाने मालकाला आजार सांगावा असे आम्ही म्हणणार नाही. त्याला सांगून गमवावयाची नोकरी आहे, मिळवावयाचे काही नाही.

बाईंचे सहा आठवडे संपले की योग्यता प्रमाणपत्र लागेल. ते शक्यतो त्याच डॉक्टरांचे असावे. गोळ्यांमुळे सकाळी गुंगी येत असेल तर दुपारच्या सत्राचे तास मागण्याचा प्रश्न तेव्हा निघेल, आणि कारण न सांगता ती सवलत मागता येत नाही. ती मागणीही त्याच अधिकाऱ्याकडे, त्याच बंद पाकिटातून करावी लागेल.